जेआरएफ हाती असताना दिलेला नकार : पीएच.डी.च्या निर्णयाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील उमेदवाराला आपण अनघा म्हणू. नाव, गाव आणि संस्थांचे तपशील बदलले किंवा वगळले आहेत. निर्णयाचा क्रम आणि त्यामागची कारणे मात्र जशी घडली तशीच दिली आहेत. या काळात ती माझ्याकडे अधूनमधून सल्ल्यासाठी येत असे, त्यामुळे बऱ्याच गोष्टी त्या त्या वेळीच माझ्या कानावर आल्या.

अनघा दक्षिण महाराष्ट्रातील एका शेतकरी कुटुंबातली. अर्थशास्त्रात एम.ए. झाल्यावर ती सेट उत्तीर्ण झाली आणि तालुक्याच्या गावातील एका वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. तासिकांचे मानधन वर्षातले जेमतेम नऊ महिने मिळे, आणि तेही बहुधा सत्र संपल्यावर एकरकमी हाती येई. घरी वडिलांच्या हृदयविकाराच्या औषधांचा खर्च होता आणि धाकटा भाऊ पदविका अभ्यासक्रमाला होता. दरमहा दहा हजार रुपये घरी द्यायचे, हा तिने स्वतःच लावून घेतलेला नियम होता आणि तो मोडायची तिची तयारी नव्हती.

२०२३ मध्ये ती नेट परीक्षेत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसह, म्हणजे जेआरएफसह, उत्तीर्ण झाली. तेव्हा तिचे वय अठ्ठावीस होते. अभिनंदनाचे फोन येऊ लागले, आणि प्रत्येक फोनच्या शेवटी एकच प्रश्न असे : "मग रजिस्ट्रेशन कुठे?" पीएच.डी. करायची की नाही, हे तिला कोणीच विचारले नाही. जेआरएफ मिळाली की पीएच.डी. ओघानेच आली, असे आपल्याकडे धरून चालतात.

समोर आलेला प्रस्ताव

तिने जिथे एम.ए. केले त्या विद्यापीठ विभागातील एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी तिला स्वतःहून बोलावून घेतले. सहकार क्षेत्रावरील त्यांच्या लेखनाला मान होता. विद्यार्थ्यांशी ते प्रेमाने वागत आणि अनघाच्या एम.ए.च्या प्रकल्पाचे त्यांना कौतुकही होते. त्यांच्याकडे एक जागा रिकामी होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक विद्यार्थी घेता येतात. सरांकडे सात होते. विषयही त्यांनी सुचवला : एका जिल्ह्यातील सहकारी साखर कारखाने आणि ऊस उत्पादकांची आर्थिक स्थिती. जेआरएफ असल्यामुळे तिला प्रवेश परीक्षा द्यावी लागणार नव्हती, फक्त मुलाखत होणार होती. अर्ज भरायला तीन आठवडे उरले होते.

वरवर पाहता यात विचार करण्यासारखे काहीच नव्हते. पैसा होता, ओळखीचा विभाग होता, घरापासून दोन तासांचे अंतर होते आणि मार्गदर्शकाचे नाव होते. तरीही अनघा गोंधळलेल्या अवस्थेत माझ्याकडे आली. सरांना साठ वर्षे पूर्ण व्हायला साडेतीन वर्षेही उरली नव्हती, आणि सुचवलेला विषय तिच्या मनाला भिडत नव्हता. दुसरे कारण सांगताना ती संकोचली. जेआरएफ मिळालेल्याने विषय आवडला नाही म्हणणे म्हणजे चोचले, असे तिला वाटत होते.

पैशाचा हिशेब

सुरुवात आम्ही पैशापासून केली, कारण तो मुद्दा कागदावर मांडता येतो. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरांनुसार जेआरएफसाठी दरमहा ३७,००० रुपये आणि पहिल्या दोन वर्षांनंतर मूल्यमापनात पात्र ठरल्यास वरिष्ठ अधिछात्रवृत्ती म्हणून दरमहा ४२,००० रुपये मिळतात. एकूण मुदत पाच वर्षांची. दोन वर्षांचे ८ लाख ८८ हजार आणि पुढच्या तीन वर्षांचे १५ लाख १२ हजार, अशी बेरीज २४ लाख होते. वसतिगृह न मिळाल्यास घरभाडे भत्ता वेगळा, आणि पुस्तके, प्रवास व छपाईसाठी वार्षिक सादिलवार रक्कम वेगळी. सामाजिक शास्त्रांसाठी ती पहिली दोन वर्षे १०,००० आणि नंतर २०,५०० रुपये असते. तासिका तत्त्वावरील तिच्या कमाईशी तुलना केली तर हा आकडा दुपटीच्या आसपास जात होता.

या बेरजेत दोन गोष्टी दिसत नाहीत. पहिली म्हणजे रक्कम कधी येते. अधिछात्रवृत्ती थेट खात्यात जमा होते, पण त्याआधी संस्थेने दरमहा हजेरीची पुष्टी पोर्टलवर नोंदवावी लागते. रुजू झाल्याचा अहवाल, बँक खात्याची जोडणी आणि पहिली मंजुरी यांत सुरुवातीचे काही महिने जातात, आणि मग थकबाकी एकदम येते. पगारदार घरातील विद्यार्थ्याला हा केवळ त्रास असतो. जिला दरमहा घरी पैसे पाठवायचे आहेत तिचे घर मात्र पहिल्याच सत्रात अडचणीत येते. अनघाकडे तेव्हा शिल्लक होती अवघी बावीस हजार.

दुसरी गोष्ट म्हणजे सहावे वर्ष. विनियमांनुसार पीएच.डी.ची किमान मुदत अभ्यासक्रमासह तीन वर्षे आणि कमाल मुदत सहा वर्षे आहे. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात आणि स्त्रियांना त्यापुढे दोन वर्षांची वेगळी सवलत आहे. अधिछात्रवृत्ती मात्र पाच वर्षांवर थांबते. नियमाने संशोधन पुढे चालू ठेवता येते, पण पैसा संपलेला असतो. अनेक प्रबंध याच मधल्या पट्टीत रेंगाळतात, कारण विद्यार्थी तोवर कुठेतरी नोकरीला लागलेला असतो आणि शेवटची दोन प्रकरणे रविवारच्या भरवशावर सोडलेली असतात.

म्हणून "पैसे पुरतील का" हा प्रश्न आम्ही बदलून घेतला : पाच वर्षांच्या आत प्रबंध सादर होईल, अशी परिस्थिती या मार्गदर्शकाकडे आणि या विषयात आहे का? इथून पुढे पैशाचा प्रश्न मार्गदर्शकाच्या प्रश्नाला जोडला गेला, आणि माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होती.

मार्गदर्शकाची पारख

निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्या अध्यापकाला नवे संशोधक विद्यार्थी घेता येत नाहीत, असा नियम आहे. सरांची सेवा तीन वर्षांहून थोडी अधिक उरली होती, म्हणजे प्रस्ताव नियमात बसत होता. निवृत्तीनंतर ते सहमार्गदर्शक म्हणून सत्तर वर्षे वयापर्यंत काम पाहू शकले असते. पण मुख्य मार्गदर्शक म्हणून कोणाचे तरी नाव लागलेच असते, आणि ते कोणाचे हे विचारणे तिला भाग होते.

तिने सरांना भेटून विचारले, "सर, तुम्ही निवृत्त झाल्यावर मी कोणाकडे असेन?"

"अगं, विभागात कोणीतरी असेलच की. आणि मी आहेच. तीन वर्षांत आपण उरकून टाकू."

सरांच्या बोलण्यात फसवणूक नव्हती. त्यांना खरोखरच तसे वाटत होते. परंतु विभागात दोन पदे रिक्त होती. उरलेल्या अध्यापकांपैकी एकांकडे चारही जागा भरलेल्या होत्या आणि दुसऱ्यांचा विषय सार्वजनिक वित्त होता. तीन वर्षांनी नवी भरती झाली असती तर चित्र बदलले असते, पण महाराष्ट्रातील विद्यापीठांत रिक्त पद केव्हा भरले जाईल यावर कोणी आपली पाच वर्षे लावू नयेत.

दुसरी पारख तिने 'शोधगंगा'वर केली. देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध या संकेतस्थळावर ठेवले जातात आणि मार्गदर्शकाच्या नावाने शोध घेता येतो. बऱ्याच प्रबंधांच्या नोंदीत नोंदणीची आणि पूर्ततेची तारीखही असते. तिने सरांच्या मार्गदर्शनाखालील उपलब्ध प्रबंध उघडून पाहिले. बहुतेकांची रचना सारखीच होती : एक जिल्हा, तीनशेच्या आसपास शेतकऱ्यांची प्रश्नावली, शेकडेवारीचे तक्ते, शेवटी शिफारशी. जिल्हा आणि पीक बदलत होते. नोंदणीपासून पूर्ततेपर्यंत बहुतेकांना पाच वर्षांहून अधिक काळ लागलेला दिसत होता. यात गैर काही नाही, आणि या प्रबंधांतून गोळा झालेली स्थानिक माहिती निरुपयोगीही नाही. पण पाच वर्षांनी आपल्या हातात कोणते कौशल्य असेल याचे उत्तर त्या प्रबंधांत होते, आणि ते तिला पटले नाही.

तिसरी पारख म्हणजे आजीमाजी विद्यार्थ्यांशी बोलणे. "सर कसे आहेत?" असे विचारले तर "देवमाणूस" हेच उत्तर मिळते, हे तिला पहिल्याच फोनवर समजले. मग तिने प्रश्न बदलले. तुम्ही दिलेला शेवटचा मसुदा किती दिवसांनी परत आला? त्यावर काय लिहिलेले होते? मध्येच सोडून गेलेले किती जण आहेत? या प्रश्नांची उत्तरे एकसारखी आली. मसुदे दोन-तीन महिन्यांनी परत येत, त्यांवर भाषेच्या दुरुस्त्या असत, पद्धतीबद्दल फारसे काही नसे. दोघांनी सोडले होते. एकाला बँकेत नोकरी लागली होती, दुसऱ्याचे कारण कोणी नीट सांगितले नाही.

विचारात घेतलेले पर्याय

सरांचा प्रस्ताव स्वीकारणे हा एक पर्याय होताच. दुसरा पर्याय होता महाविद्यालयातील तासिका चालू ठेवून अर्धवेळ पीएच.डी. करण्याचा. तो लवकर बाद झाला, कारण जेआरएफ पूर्णवेळ संशोधनासाठीच असते. अर्धवेळ नोंदणी म्हणजे २४ लाखांवर पाणी सोडणे. अर्धवेळ पीएच.डी. कायम नोकरी असलेल्या अध्यापकाला परवडते. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला ना कायम पगार, ना अधिछात्रवृत्ती, आणि विषयाला द्यायला वेळही नाही.

तिसरा पर्याय पीएच.डी. न करण्याचा होता, आणि तो आम्ही गांभीर्याने घेतला. विद्यापीठांतील सहायक प्राध्यापक पदासाठी पीएच.डी. जुलै २०२३ पासून अनिवार्य होणार होती, ती अट काढली गेली. नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता ठरली. या बातमीनंतर तिच्या अनेक मैत्रिणींनी पीएच.डी.चा विचार सोडून दिला. पण किमान पात्रता आणि निवड या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांसोबत उमेदवारांची छाननी करण्याचा जो गुणतक्ता आहे, त्यात महाविद्यालयीन पदासाठी पीएच.डी.ला २५ आणि विद्यापीठीय पदासाठी ३० गुण आहेत. जेआरएफसह नेटला अनुक्रमे १० आणि ७. म्हणजे दारातून आत जायला पीएच.डी. लागत नाही, पण आतल्या रांगेत पीएच.डी. असलेला पुढे उभा राहतो. शिवाय सहयोगी प्राध्यापक पदासाठी ती लागतेच.

हेही तितकेच खरे की रांगेत पुढे असणे म्हणजे नोकरी मिळणे नव्हे. अनुदानित महाविद्यालयांतील जागा थोड्या, त्यांना शासनाची परवानगी उशिरा मिळते, आणि काही खासगी संस्थांत मुलाखतीनंतर बंद दाराआड कोणत्या गोष्टी विचारल्या जातात हे या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. अनघाने या आघाडीवर स्वतःशी सरळ हिशेब केला : पीएच.डी. झाली तरी पस्तिशीपर्यंत कायम अध्यापकपद न मिळण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा पाच वर्षांतून असे कौशल्य हाती लागले पाहिजे, जे अध्यापनाबाहेरही विकता येईल. संशोधन संस्था, बँकांचे संशोधन विभाग, सर्वेक्षण करणाऱ्या संस्था आणि धोरणविषयक प्रकल्प यांना मोठ्या सर्वेक्षणांची मूळ माहिती हाताळणारी माणसे लागतात. तीनशे प्रश्नावल्यांची शेकडेवारी काढणारी माणसे त्यांना सहज मिळतात. या विचाराने सरांचा प्रस्ताव आणखी मागे पडला.

चौथा पर्याय तेव्हा धूसर होता. पुण्यातील एका संशोधन संस्थेतील एक सहयोगी प्राध्यापक बाई ग्रामीण पतपुरवठ्यावर काम करीत होत्या. त्यांच्याकडे त्या वर्षी जागा नव्हती, पुढच्या वर्षी होण्याची शक्यता होती. एका प्रकल्पासाठी त्यांना कंत्राटी संशोधन सहायक मात्र हवा होता.

घेतलेला निर्णय आणि त्याची किंमत

अर्जाची मुदत संपायच्या आधी अनघाने सरांना भेटून नकार दिला. नकार पत्राने किंवा निरोपाने न देता समोर बसून द्यावा, हा माझा आग्रह होता; या क्षेत्रात पुढच्या वीस वर्षांत कोण कोणाच्या निवड समितीवर बसेल हे सांगता येत नाही. सर नाराज झाले, पण बोलले फक्त एवढेच : "विचार केलेला दिसतोय." घरी मात्र गोंधळ उडाला. हातातली सोडून पळतीच्या मागे लागली, असे मामांनी सुनावले. लग्नाचा विषयही त्याच आठवड्यात निघाला.

इथे एक गैरसमज दूर करणे गरजेचे होते, आणि तो घरच्यांइतकाच तिच्याही मनात होता. एक वर्ष थांबले तर एका वर्षाची अधिछात्रवृत्ती बुडेल, असे सर्वांना वाटत होते. तसे नसते. जेआरएफचे पत्र तीन वर्षे ग्राह्य असते, आणि त्या मुदतीत प्रवेश घेतला तर पाच वर्षे प्रवेशानंतर मोजली जातात. थांबण्याची खरी किंमत वयातले एक वर्ष, घरातला ताण आणि पुढच्या वर्षी जागा मिळेलच याची नसलेली हमी, ही होती. किंमत कमी नव्हती, पण ती वेगळ्या खात्यातली होती. हे स्पष्ट झाल्यावर तिला निर्णय घेणे सोपे गेले.

पुण्यातील कंत्राटी काम तिने स्वीकारले. त्यामागे तीन हेतू होते : सहा महिन्यांच्या खर्चाइतकी, म्हणजे सुमारे दीड लाखाची, गंगाजळी उभी करणे, बाईंची काम करण्याची पद्धत आतून पाहणे, आणि स्वतःच्या दमाची परीक्षा घेणे. तिसरा हेतू तिने स्वतः मांडला, मी नव्हे.

दमाचा प्रश्न

दमाबद्दल आपण बोलतो तेव्हा "चिकाटी आहे का" एवढेच विचारतो, आणि प्रत्येक उमेदवार "आहे" असेच सांगतो. प्रकल्पाच्या वर्षात अनघाला समजले की तिचा दम सर्व कामांत सारखा नाही. गावोगाव फिरून मुलाखती घेणे, बसस्थानकावर रात्री उशिरापर्यंत थांबणे, नकार ऐकणे, यांतले काही तिला जड गेले नाही. संगणकावर हजारो ओळींच्या माहितीतील चुका शोधत बसण्याचाही तिला कंटाळा आला नाही. पण अहवालाचे एक प्रकरण एकटीने लिहायला घेतल्यावर ती अडकली. पहिले पान पुन्हा पुन्हा लिहिले जाई, दुसरे सुरू होत नसे. झोप बिघडली, आणि बाईंना तोंड दाखवायला नको म्हणून ती कार्यालयात उशिरा येऊ लागली.

बाईंनी यावर काही उपदेश केला नाही. दर गुरुवारी चार वाजता, जे असेल ते, अर्धवट असेल तरी दाखवायचे, एवढा नियम त्यांनी केला. कच्च्या पानांवर त्या प्रश्न लिहून देत : ही संख्या कुठून आली, या दोन परिच्छेदांचा संबंध काय. सहा-सात आठवड्यांत ते प्रकरण उभे राहिले. अनघाला त्यातून जे कळले ते नेमके होते : लांबवरची मुदत तिला झेपत नाही, जवळची झेपते. दोन-तीन महिन्यांनी मसुदा परत देणाऱ्या मार्गदर्शकाकडे ती चौथ्या वर्षी कोसळली असती, आणि दोष स्वतःच्या चिकाटीला दिला असता. दुसऱ्या एखाद्याला दर आठवड्याची भेट जाच वाटेल. त्याच्यासाठी सरांसारखा मोकळीक देणारा मार्गदर्शक योग्य ठरेल. मार्गदर्शक चांगला की वाईट हा प्रश्न म्हणूनच मला अपुरा वाटतो.

विषय आखणे

२०२४ च्या अखेरीस बाईंकडे जागा झाली आणि अनघाने मुलाखत देऊन प्रवेश घेतला. तिचा पहिला आराखडा सहकारी पतपुरवठा, शेतकरी आत्महत्या आणि कर्जमाफी अशा तिन्ही गोष्टींना कवेत घेणारा होता. संशोधन सल्लागार समितीच्या पहिल्याच बैठकीत तो परत आला, आणि ते योग्यच झाले.

मग तिने तिच्या परिसरातील एका साध्या वस्तुस्थितीपासून सुरुवात केली. विकास सोसायटीकडून पीककर्ज घ्यायचे तर सातबारा लागतो. वाट्याने किंवा खंडाने जमीन कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो, कारण व्यवहार बहुधा तोंडी असतो. मग तो कर्ज कोणाकडून आणि कोणत्या अटींवर घेतो? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७ व्या फेरीत, म्हणजे २०१९ मध्ये, शेतकरी कुटुंबांच्या स्थितीचे जे सर्वेक्षण झाले त्यात कसलेल्या जमिनीचा प्रकार आणि कर्जाचा स्रोत या दोन्हींची नोंद आहे, आणि कुटुंबनिहाय मूळ माहिती कोणालाही उपलब्ध आहे. आधीचे सर्वेक्षण २०१३ चे असल्यामुळे तुलनाही करता येते. त्याला एका तालुक्यातील मर्यादित क्षेत्रीय अभ्यासाची जोड द्यायची ठरली, कारण तोंडी व्यवहार मोठ्या सर्वेक्षणात कमी नोंदवले जातात आणि ती उणीव गावात जाऊनच तपासावी लागते.

या आखणीचा सर्वांत मोठा गुण असा की प्रबंधाचा अर्धा भाग कोणाच्याही परवानगीवर अवलंबून नाही. साखर कारखान्यांच्या विषयात तिला कारखान्यांचे ताळेबंद आणि सभासदांच्या याद्या मिळवाव्या लागल्या असत्या. एका कार्यालयाने वर्षभर फाईल अडवली की पाच वर्षांतले एक वर्ष गेले. काम वेळेत होईल की नाही हे मार्गदर्शकाइतकेच माहितीच्या उपलब्धतेवरही ठरते, ही गोष्ट नवीन उमेदवार क्वचितच तपासतात.

आजवरचा परिणाम

पहिली अधिछात्रवृत्ती हातात यायला पाच महिने लागले. साठवलेल्या पैशांतून पुण्यातील खोली, खानावळ आणि घरचे दहा हजार भागले. गंगाजळी जवळपास संपत आली तेव्हा थकबाकी जमा झाली. त्यानंतर भत्त्यासह महिना ४६ हजारांच्या पुढे रक्कम येऊ लागली, तरी तिने आधी गंगाजळी भरून काढली. संशोधन आणि प्रकाशन नीतीच्या विषयासह अभ्यासक्रम वेळेत पूर्ण झाला, आराखडा मंजूर झाला, आणि २०१९ च्या माहितीवर आधारित पहिल्या प्रकरणाचा मसुदा तयार आहे.

सगळेच सुरळीत झालेले नाही. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला बाईंवर संस्थेतील प्रशासकीय जबाबदारी आली आणि गुरुवारच्या भेटी महिन्यातून एकदा होऊ लागल्या. अनघाचे काम त्या सत्रात स्पष्टपणे मंदावले. उपाय म्हणून तिने दोन सहाध्यायांसोबत दर गुरुवारी पाने वाचण्याचे ठरवले. त्याचा उपयोग होतो, पण पद्धतीतील चूक पकडायला अनुभवी नजर लागते, आणि तशी एक चूक, वेगवेगळ्या फेऱ्यांतील कर्जाच्या व्याख्या न जुळवता केलेली तुलना, तीन महिने तशीच राहिली.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. अनघाने नाकारलेली सरांकडची जागा तिच्याच वर्गातील एकाने घेतली. त्याचा आराखडा तिच्या आधी वर्षभर मंजूर झाला, आणि क्षेत्रीय काम जवळपास संपले आहे. तो शिस्तीचा आहे, त्याच्या मागे कोणाला लागावे लागत नाही, आणि त्याच्या पत्नीच्या नोकरीमुळे अधिछात्रवृत्तीचा उशीर त्याला जाणवला नाही. सरांच्या निवृत्तीनंतर काय होईल हे अजून ठरायचे आहे. पण आजच्या घडीला तोच पुढे आहे, आणि अनघाला हे माहीत आहे.

काय वेगळे करता आले असते

मार्गदर्शकाचे निवृत्तीचे वर्ष विचारले, तसेच पुढील दोन-तीन वर्षांतील त्यांची प्रशासकीय पदे, रजा आणि परदेश दौरे यांबद्दलही विचारायला हवे होते. बाईंकडे पद येणार याची कुणकुण संस्थेत होती. अनघा तिथेच काम करीत होती आणि तरी तिने विचारले नाही. तेव्हाच कळले असते तर सहमार्गदर्शकाची मागणी प्रवेशाच्या वेळीच करता आली असती. नंतर ती करणे अवघड जाते, कारण त्यात अविश्वास दिसतो.

कंत्राटी कामाचे वर्ष थोडे लांबले, असे माझे मत आहे. गंगाजळी आणि दमाची परीक्षा ही दोन्ही कामे आठ-नऊ महिन्यांत झाली होती. उरलेला काळ केवळ बाईंची जागा रिकामी होण्याची वाट पाहण्यात गेला. त्या काळात आणखी दोन संस्थांत चौकशी करायला हरकत नव्हती. अनघाला हे मान्य नाही. तिच्या मते एकदा काम करून पाहिलेल्या मार्गदर्शकासाठी चार महिने थांबणे स्वस्त होते.

घरच्यांना आकडे उशिरा दाखवले गेले, हे मात्र आम्हा दोघांना मान्य आहे. पाच वर्षांची मुदत, उशिरा येणारी रक्कम आणि सहाव्या वर्षाची पोकळी हे सर्व तिने वडिलांना प्रवेशानंतर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "हे आधी सांगितलं असतंस तर मामाला मीच गप्प केलं असतं."

पुढचा टप्पा

२०२६ च्या अखेरीस दोन वर्षे पूर्ण होतील आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्तीसाठी त्रिसदस्यीय समितीपुढे तिचे मूल्यमापन होईल. त्या बैठकीपर्यंत दोन प्रकरणे तयार असावीत आणि क्षेत्रीय अभ्यास सुरू झालेला असावा, असे तिने आणि बाईंनी लेखी ठरवले आहे. तसे झाले नाही तर विषयातील २०१३ ची तुलना वगळायची. मुदत वाढवायची नाही. प्रबंध सादर करण्याची तारीख त्यांनी पाचव्या वर्षाच्या मध्यावर धरली आहे, कारण सादरपूर्व चर्चासत्र आणि दुरुस्त्या यांत काही महिने जातातच. चौथ्या वर्षापासून नोकरीच्या जाहिरातींना अर्ज करायचे की नाही यावर दोघींचे एकमत झालेले नाही. बाई नको म्हणतात, अनघाने वेगळे खाते काढून अर्जांच्या शुल्कासाठी दरमहा पाचशे रुपये बाजूला टाकायला सुरुवात केली आहे.